रोजची कमाई आणि महिन्याचा हप्ता

पगारदार माणसाचा महिना आणि रोज कमावून आणणाऱ्या माणसाचा महिना, हे दोन्ही पंचांगात जरी एकाच तारखेस सुरू होत असले, तरी ते एकसारखे नसतात. पगारदाराच्या घरी एक तारखेस ठरलेली रक्कम येते आणि पाच तारखेस ठरलेला हप्ता जातो. या येण्याजाण्याचा मेळ बसविण्यास फारशी अक्कल लागत नाही. परंतु ज्याची कमाई आज नऊशे, उद्या पाचशे आणि परवा पावसात ताप भरल्यामुळे शून्य, अशी असते, त्याच्यापुढेही तोच महिन्याचा हप्ता पाच तारखेस येऊन उभा राहतो. हप्ता चढउतार जाणत नाही. आमच्या आजच्या लेखाचा विषय हाच आहे.

मोबाईलवर आलेली ऑर्डर हॉटेलातून उचलून घरोघर पोहोचविणारे तरुण आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाहीत. बेळगावातही कॉलेज रोडवर आणि टिळकवाडीत, दुपारी व रात्री, पाठीवर चौकोनी पिशवी घेतलेली ही मुले हॉटेलांच्या दारांत उभी दिसतात. यांपैकी अनेकांना स्वतःची दुचाकी हवी असते, आणि ती कर्जाशिवाय घेणे बहुतेकांस शक्य नसते. कर्ज घेऊ नये असे आम्ही म्हणणार नाही, कारण गाडी हे त्यांच्या पोटाचे साधन आहे. किती घ्यावे आणि कोणत्या हिशेबाने घ्यावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

आमच्या ओळखीच्या एका तरुणाचे उदाहरण घेऊ. नाव सांगण्याचे कारण नाही. तो वडिलांच्या जुन्या मोटारसायकलीवर हे काम करीत असे. ती गाडी वरचेवर बंद पडू लागली, तेव्हा तो एका शोरूममध्ये गेला. तेथे एक स्कूटर त्याच्या मनात भरली. रस्त्यावर आणण्यापर्यंतची सर्व किंमत ९५,००० रुपये. त्यांपैकी १५,००० रोख आणि ८०,००० रुपये कर्ज, दोन वर्षांचे. हप्ता ४,१३३ रुपये. कागदावर सही करण्यापूर्वी आईच्या आग्रहावरून तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, माझी महिन्याची कमाई वीस हजार आहे. त्यातून चार हजार निघणार नाहीत का?"

आम्ही त्यास मागील आठ आठवड्यांचा हिशेब काढावयास सांगितले. कंपनी दर आठवड्यास पैसे बँकेत जमा करते, त्यामुळे पासबुकात सर्व आकडे होतेच. आठांपैकी दोन आठवडे चांगले गेले होते, प्रत्येकी ६,२०० रुपये. चार साधारण, प्रत्येकी ४,८०० च्या आसपास. आणि दोन अगदी पडेल, प्रत्येकी २,९००. पैकी एका पडेल आठवड्यात त्यास ताप होता, आणि दुसऱ्यात कॉलेजांना सुट्ट्या लागून विद्यार्थी आपापल्या गावी गेले होते. सरासरी काढली तर खरोखरच महिन्यास वीस हजार होत. मुलगा खोटे बोलत नव्हता.

परंतु हे वीस हजार कमाईचे नव्हेत, जमेचे आहेत. साधारण आठवड्यात तो रोज सुमारे शंभर किलोमीटर गाडी चालवितो. जुन्या गाडीस त्यासाठी दररोज अडीचशे रुपयांचे पेट्रोल लागे. म्हणजे सहा दिवसांचे १,५००. ऑइल, ब्रेक, चेन, पंक्चर आणि कधीमधी टायर यांचा खर्च रोज दिसत नाही, पण वर्षाचा वाटून घेतला तर आठवड्यास ३५० रुपयांपेक्षा कमी पडत नाही. हे वजा केल्यावर साधारण आठवड्याचे हातात २,९५० राहतात. चांगल्या आठवड्यात अधिक पळावे लागते, पेट्रोल १,८०० चे लागते, आणि उरतात ४,०५०. पडेल आठवड्यात पेट्रोल ९०० चे लागते आणि उरतात अवघे १,६५०.

आता चार आठवड्यांचा महिना धरू. घरी आईच्या हाती तो ६,००० देतो, आणि स्वतःचे दुपारचे खाणे व मोबाईल यांस १,५०० लागतात. चारही आठवडे साधारण गेले तर ११,८०० मधून हे ७,५०० जाऊन ४,३०० उरतात. हप्ता भरला जातो, पण शिल्लक दोनशेसुद्धा राहणार नाही. दोन आठवडे साधारण आणि दोन पडेल गेले, तर हाती येतात ९,२०० आणि उरतात १,७००. त्या महिन्यात ४,१३३ कोठून आणावयाचे? मुलगा हिशेबाच्या वहीकडे पाहत बसला. वीस हजारांच्या माणसास चार हजार जड कसे जातात, हे त्यास प्रथमच कळले.

यावरून पहिला नियम असा निघतो : रोजच्या कमाईच्या माणसाने हप्ता सरासरी महिन्यावर ठरवू नये. पेट्रोल आणि दुरुस्ती वजा केल्यावर, घरखर्च दिल्यावर, वाईट महिन्यात काय उरते ते पाहावे, आणि हप्ता त्याच्या फार वर जाऊ देऊ नये. जेवढा वर जाईल तेवढी शिल्लक कर्ज घेण्यापूर्वीच बाजूस असली पाहिजे.

दुसरी गोष्ट व्याजाची. शोरूमच्या टेबलावर त्यास "व्याज फक्त बारा टक्के" असे सांगण्यात आले होते. ते बारा टक्के फ्लॅट रेटचे होते. फ्लॅट म्हणजे काय, हे आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावे. ८०,००० वर बारा टक्क्यांनी वर्षाचे ९,६०० आणि दोन वर्षांचे १९,२०० व्याज आरंभीच मोजले, ते मुद्दलात मिळवून ९९,२०० झाले, आणि त्यास चोवीसांनी भागले. झाला ४,१३३ चा हप्ता. यात खोच अशी की, एक वर्षानंतर निम्म्याच्या आसपास मुद्दल फिटलेले असते, तरीही व्याज संपूर्ण ८०,००० वरच चालू राहते. परत केलेल्या पैशांवरही आपण व्याज देत असतो. दर महिन्यास उरलेल्या मुद्दलावरच व्याज घेतले, म्हणजे ज्यास घटत्या शिलकीचे व्याज म्हणतात, तर खऱ्या बारा टक्क्यांनी हप्ता ३,७६६ येतो आणि दोन वर्षांचे व्याज सुमारे १०,४०० होते. उलट, त्यास सांगितलेला हप्ता घटत्या शिलकीच्या भाषेत मांडला तर व्याजाचा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो.

ही भाषा ओळखण्याचा सोपा मार्ग आता उपलब्ध आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा प्रत्येक कर्जाबरोबर बँकेने किंवा फायनान्स कंपनीने कर्जदारास मुख्य माहितीचा एक कागद सही करण्यापूर्वी द्यावा लागतो. त्यात वार्षिक टक्केवारीचा एक आकडा असतो, ज्यास ए.पी.आर. म्हणतात. प्रोसेसिंगची फी आणि कर्जदाराकडून घेतले जाणारे इतर आकार धरून कर्ज खरोखर कितीस पडते, ते त्या एका आकड्यात येते. दोन ठिकाणच्या कर्जांची तुलना तोंडी सांगितलेल्या टक्क्यांवरून न करता त्या आकड्यावरून करावी. विक्रेता तो कागद दाखविण्यास टाळाटाळ करू लागला, तर त्या दिवशी सही न करता घरी परतावे.

मग या तरुणाने काय केले? आम्ही त्यास सुचविले की, तीन महिने कर्ज घेतलेच आहे असे समजून चाल. आठवड्याचे पैसे जमा झाले की त्याच दिवशी जे उरेल ते एका वेगळ्या खात्यात टाक. पहिला महिना साधारण गेला, ४,३०० पडले. दुसरा वाईट गेला, १,७०० च पडले. तिसऱ्यात एक आठवडा सणाचा निघाला आणि ५,४०० पडले. तीन महिन्यांचे ११,४०० झाले. ही परीक्षाही होती आणि बचतही. शोरूमचा हप्ता याच तीन महिन्यांत चालू असता, तर १२,३९९ लागले असते. म्हणजे परीक्षेत तो जवळजवळ हजार रुपयांनी नापास झाला असता, आणि तेही गाडीस काही अपघात न होता.

स्कूटरचा नाद त्याने सोडला. त्याऐवजी शंभर सी.सी.ची साधी मोटारसायकल त्यास सुमारे ८०,००० रुपयांस पडणार होती. पूर्वीचे १५,००० आणि हे ११,४०० मिळून २६,४०० झाले होते. त्यांपैकी २०,००० त्याने रोख भरले आणि ६,४०० हात न लावता खात्यात ठेवले. उरलेल्या ६०,००० चे कर्ज त्याने एका सहकारी सोसायटीतून, घटत्या शिलकीच्या तेरा टक्क्यांनी, दोन वर्षांसाठी काढले. हप्ता आला २,८५२. दोन वर्षांचे व्याज सुमारे ८,४५० होते. सोसायटीस दोन जामीन लागले. एक मामा आणि एक शेजारी. जामीन राहणाऱ्यांस आम्ही एवढेच सांगू की, ती सही केवळ ओळखीची खूण नव्हे. हप्ता थकला तर सोसायटी तुमच्याकडेच येणार, हे जाणूनच ती करावी.

हा हप्ताही वाईट महिन्यात उरणाऱ्या १,७०० पेक्षा ११५२ रुपयांनी अधिक आहेच. पण त्या तुटीसाठी ६,४०० रुपये आधीच उभे आहेत. असे पाच वाईट महिने लागोपाठ आले तरी ते जेमतेम निभावतात, आणि मध्ये एखादा चांगला महिना आला की खड्डा पुन्हा भरतो. सहसा पाच वाईट महिने एकापाठोपाठ येत नाहीत. नव्या गाडीस पेट्रोलही कमी लागते. रोज पन्नास-साठ रुपये वाचतील असे दिसते. पण ती बचत हप्त्याच्या हिशेबात धरू नये, असे आम्ही त्यास सांगितले. वाचल्यावर मोजावी.

तीन वर्षांचे कर्ज घेतले असते तर हप्ता २,०२२ वर आला असता, आणि वाईट महिना अधिक सोपा गेला असता. मग दोनच वर्षे का? कारण ही घरची गाडी नव्हे. घरची गाडी वर्षास पाच-सात हजार किलोमीटर धावते; ही महिन्यास अडीच हजार आणि वर्षास तीस हजार धावते. वॉरंटी वर्षांची व किलोमीटरची, यांपैकी जे आधी संपेल त्यावर असते, आणि येथे किलोमीटर फार आधी संपतात. दोन वर्षांत साठ हजार, तीन वर्षांत नव्वद हजार. नव्वद हजारांच्या सुमारास इंजिनाचे मोठे काम निघण्याचा संभव असतो, आणि त्याच वेळी हप्ताही चालू असेल तर दोन्हींखाली माणूस दबतो. शिवाय व्याजही सुमारे १२,८०० वर जाते. ज्यास दोन वर्षांचा हप्ता कोणत्याही उपायाने झेपत नाही, त्याने तीन वर्षांचे घ्यावे. मात्र मुदतीपूर्वी फेडल्यास किती आकार द्यावा लागेल, हे आधी त्या माहितीच्या कागदावर पाहून घ्यावे, आणि चांगल्या महिन्यांत अधिक भरीत जावे.

आता हप्ता जातो कसा, त्याविषयी. कर्ज घेताना बँकेस एक संमती लिहून द्यावी लागते. तिच्या आधारे ठरल्या तारखेस हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. पुष्कळांची अशी समजूत असते की, खात्यात थोडे कमी असले तर जेवढे आहे तेवढे जाईल. तसे होत नाही. २,८५२ हवे असता २,८०० असतील, तर काहीच न जाता संपूर्ण हप्ता परत फिरतो. मग कर्ज देणारा त्याचा आकार लावतो आणि आपली बँक आपला आकार लावते. दोन्ही मिळून पाचशेपासून हजारापर्यंत सहज जाते. बावन्न रुपयांसाठी हजाराचा भुर्दंड! त्याच महिन्यात मागणी पुन्हा खात्यावर आली आणि पुन्हा परत गेली, तर पुन्हा आकार. एका वाईट आठवड्याचे रूपांतर वाईट महिन्यात होते ते असे.

म्हणून हप्त्याचे खाते वेगळे असावे, आणि त्याचे ए.टी.एम. कार्ड आईच्या कपाटात असावे. कंपनीचे पैसे आठवड्यास येतात, तर हप्ताही आठवड्याने बाजूस काढावा. २,८५२ चे चार भाग केले की एक भाग ७१३ रुपयांचा होतो. दर आठवड्यास न चुकता ७१३ त्या खात्यात टाकावेत. यातील गंमत अशी की, वर्षात महिने बारा पण आठवडे बावन्न; म्हणजे चार आठवड्यांचे महिने तेरा होतात. बारा हप्ते गेल्यावर एक संपूर्ण हप्ता आपोआप शिलकीत राहतो. ज्या आठवड्यात ७१३ काढणे जमले नाही, तो आठवडा वहीत तांबड्या शाईने लिहावा. लागोपाठ दोन तांबड्या ओळी आल्या की घरात बसून बोलावे.

संकट जवळ आल्याच्या खुणा आणखीही आहेत. पहिली खूण म्हणजे ऑइल बदलणे पुढे ढकलणे. तीनशे-चारशे रुपये वाचविण्यासाठी जो ऑइल पुढे ढकलतो, त्याचा हप्ता आता गाडीच्या आयुष्यातून जाऊ लागला आहे असे समजावे. दुसरी खूण, हप्ता भरण्यासाठी मोबाईलवरून लहानसे कर्ज काढणे. त्याची मुदत आठवड्यांची आणि व्याज फार जबर असते. तिसरी खूण, इन्सेन्टिव्हच्या आशेने चौदा-चौदा तास गाडीवर बसणे. इन्सेन्टिव्हचे नियम कंपनी केव्हाही बदलू शकते; त्यावर हप्ता उभा करू नये.

एवढे करूनही हप्ता थकण्याची वेळ आलीच, तर तारीख उलटण्यापूर्वी जाऊन सांगावे आणि लेखी द्यावे. हप्ता उशिरा भरल्याबद्दल दंड आकारता येतो. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्या दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढविता येत नाही. वसुलीच्या माणसांनी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर फोन करू नये, असाही नियम आहे. त्यांच्या हाती रोख द्यावीच लागली तर पावतीशिवाय देऊ नये. कंटाळून "घेऊन जा गाडी" असे मात्र म्हणू नये. नेलेली गाडी लिलावात पडेल किमतीस जाते, आणि कर्जातून ती किंमत वजा होऊन उरलेले देणे आपल्याच नावावर राहते. गाडीही जाते, कमाईही जाते आणि देणे मात्र राहते.

विम्याचा कागदही वाचावा. खाजगी दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत, भाड्याने चालविण्यासाठी किंवा मालाची ने-आण करण्यासाठी केलेला वापर वगळलेला असतो. डिलिव्हरीच्या फेरीत अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीवरून विमा कंपनी वाद घालू शकते, आणि मोडक्या गाडीचा हप्ता चालूच राहतो. आपण गाडी कशासाठी वापरणार आहोत, हे विमा घेतानाच सांगावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

शेवटचा हप्ता फिटला की काम संपले असे बहुतेक मुले मानतात. तसे नव्हे. गाडीच्या आर.सी.वर कर्ज देणाऱ्याचे नाव तारण म्हणून नोंदलेले असते, ते आपोआप पुसले जात नाही. कर्ज देणाऱ्याकडून ना-हरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्यावा, आर.टी.ओ.कडे अर्ज करून ती नोंद काढून घ्यावी, आणि विम्याच्या पॉलिसीवरूनही ते नाव कमी करावे. दाखल्याची मुदत उलटू देऊ नये, नाहीतर पुन्हा खेटे पडतात. हे झाल्यावाचून गाडी विकताना नाव बदलून देता येत नाही. आणि आठवड्याचे ७१३ रुपये तेव्हाही थांबवू नयेत. साठ हजार किलोमीटर धावलेल्या गाडीत अजून वर्षभराचे काम असते; त्या वर्षात ते ७१३ तसेच साठत राहिले, तर वर्षाअखेरीस ३७,००० रुपये होतात, आणि पुढच्या गाडीसाठी कर्ज काढावे लागले तरी ते पहिल्याच्या मानाने बरेच लहान असते.